मदत हवी आहे – जनरेटरचा एक्झॉस्ट पाइप गच्चीपर्यंत न्यायचाय, साइज काय ठेवू?

नमस्कार मंडळी, गंगापूर रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये 250 केव्हीएचा डीजी बसतोय, मागच्या मार्जिनमध्ये, साउंडप्रूफ कॅनोपीसकट. बिल्डिंग 22 मीटर उंच. सीपीसीबीच्या नियमाने धुराड्याची उंची म्हणजे बिल्डिंगची उंची अधिक 0.2 गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, म्हणजे वर अजून 3.2 मीटर, एकूण साधारण 25 मीटर.

आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय सायलेन्सरचं आउटलेट 6 इंची आहे तर वरपर्यंत 6 इंचीच नेऊ, पण मला ते पटत नाही कारण एवढ्या लांबीला आणि वर चार बेंड म्हटल्यावर बॅक प्रेशर इंजिनच्या डेटाशीटमधल्या मर्यादेबाहेर गेलं तर लोडवर काळा धूर येणार, इंजिन तापणार आणि डिझेलही जास्त पिणार. 8 इंची केला तर पाइपातला प्रेशर ड्रॉप जवळपास चौथ्या हिश्शावर येतो, खर्च वाढला तरी चालेल असं माझं मत.

दुसरं म्हणजे पाइप 300 अंशांनी तापला तर 25 मीटरला जवळपास 9 सेंटीमीटर लांबतो, आणि ह्यांनी सगळे क्लॅम्प भिंतीत फिक्स दाखवलेत! खाली एक फिक्स सपोर्ट, वर सगळे सरकते गाइड आणि मध्ये बेलो, एवढं पुरेल का, की दोन बेलो लागतील? सगळ्यात खाली पावसाच्या पाण्यासाठी ड्रेन कॉक मी सांगितलाच आहे.

नाशकात कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, पाइपची ऑर्डर थांबवून ठेवलीय.