मीटिंगमध्ये उभं राहिलं की आवाज थरथरतो, काय करू?

कागलचा_गडी: गोकुळ शिरगावला फौंड्रीत क्वालिटीला आहे. दर महिन्याला रिजेक्शनचा रिपोर्ट सात-आठ जणांपुढं मांडायचा असतो. आकडे माझेच, अख्खा रिपोर्ट लिहून पाठ केलेला, तरी उभा राहिलो की छाती धडधडते, हातातला कागद फडफडतो. मागच्या वेळी "ब्लोहोल वाढलेत कारण" एवढं बोललो आणि पुढचं गायब, शेवटी शेजारच्यानं वाचून दाखवलं. बुधवारी परत आहे.

राजारामपुरी७: भावा, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लाव, कॉन्फिडन्स येतोय.

कागलचा_गडी: अहो मीटिंग मराठीतच असते.

तांबडा_पांढरा: समोरच्यांकडं बघायचंच नाही, मागच्या भिंतीकडं बघून बोलायचं. मी तेच करतो.

सेमिनारवाल्या_मॅडम: मी एमएस्सीच्या पोरांचे सेमिनार घेते, दरवर्षी हेच बघते. भिंतीकडं बघून पहिली दोन मिनिटं निघतात, पण समोरचा मान डोलावतोय तेही दिसत नाही, मग भीती तशीच राहते. एकाच ओळखीच्या माणसाकडं बघून एक वाक्य पूर्ण करा, मग दुसऱ्याकडं वळा.

तुमची खरी अडचण पाठांतराची आहे. शब्दन् शब्द पाठ केला की एक शब्द निसटला तरी पुढची माळ तुटते. पाठ फक्त पहिली दोन वाक्यं करा, कारण धडधड सुरुवातीलाच जास्त असते आणि बोलत राहिलं की बहुतेकांची आपोआप उतरते. उदाहरणार्थ, "या महिन्यात ब्लोहोलमुळं रिजेक्शन वाढलंय. वाळूतल्या ओलाव्याचं रीडिंग आधी दाखवतो." पुढचं सगळं तीन प्रश्नांत बसवा: कुठं वाढलं, कशामुळं, आता काय करायचं. प्रश्न डोक्यात असला की उत्तर तुम्हाला येतंच, ते तुमचं रोजचं काम आहे. ए-फोर कागद नको, जरा हात हलला तरी फडफडतो, पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर हे तीन प्रश्न लिहा. आणि मनातल्या मनात नको, मंगळवारी त्याच खोलीत उभं राहून मोठ्यानं तीनदा म्हणा, दरवेळी शब्द वेगळे आले तरी चालतील.

रंकाळ्यावरचा: माझ्या चुलतभावाला डॉक्टरनी धडधडीसाठी प्रोप्रानोलोल दिली होती, अर्ध्या तासात थरथर बंद. तू पण घे की.

सेमिनारवाल्या_मॅडम: असं परस्पर सांगू नका हो. दमा असलेल्यांना ती गोळी धोक्याची, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नकोच. आणि हात थांबला तरी मनातला धसका राहतोच. त्यापेक्षा उठायच्या आधी श्वास चार आकडे घ्या, सहा आकडे सोडा, असं पाच-सहा वेळा.

आठवीची_आई: माझी मुलगी वर्गात प्रोजेक्ट सांगायच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरीच राहते, मी राहू देते. चुकतंय का?

सेमिनारवाल्या_मॅडम: ताई, खरंच दुखत असेल तर आधी दाखवून घ्या. पण सुट्टी मिळाली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती जास्त येते. बाईंना सांगून आधी दोन मैत्रिणींपुढं बोलू दे, मग एका बाकापुढं, मग वर्गापुढं.

कागलचा_गडी: कार्ड केलं. साहेबांना आधीच सांगू का, की मला भीती वाटते?

तांबडा_पांढरा: अजिबात नको, कायमचा शिक्का बसतोय.

सेमिनारवाल्या_मॅडम: मी सांगितलं असतं. पण साहेब कसे आहेत ते तुम्हालाच माहीत.