ॲपचं कमिशन हॉटेलवाल्यानंच का भरायचं?

कोथरूड_नाश्ता: कर्वे रोडला माझं छोटं नाश्ता सेंटर आहे. जेवण पोचवणारं एक ॲप माझ्याकडून बिलाचे २५ टक्के कापतं आणि गिऱ्हाइकाला मात्र डिलिव्हरी फुकट. दोघांकडून निम्मे निम्मे घ्यायला काय जातं? ही लूट नाही तर काय?

बंड्या_एरंडवणे: साधं आहे हो. गिऱ्हाईक राजा. विकणारा भरतो, घेणारा फुकटात. सगळीकडे हेच.

पेठेतली_मावशी: सगळीकडे नाही! आमच्या आत्याचं सदाशिव पेठेत वधूवर सूचक मंडळ होतं. मुलाच्या नोंदणीला पूर्ण फी, मुलीला निम्मी. मुलींची वही जाड असली की मुलांचे आईवडील आपोआप जिना चढायचे, आणि वही रोडावली की मुलांची फी माफ केली तरी कुणी फिरकायचं नाही. यात विकणारा कोण, घेणारा कोण, तुम्हीच सांगा.

आकडेमोड: मावशींनी नेमकं सांगितलं. जी बाजू जमवायला अवघड आणि जिच्या ओढीनं दुसरी येते, तिला स्वस्त. आता कोथरूडकरांसाठी एक हिशेब, आकडे मी धरलेले आहेत. ऑर्डर २०० रुपयांची, माल आणि पॅकिंग ९०, ॲपला दर ऑर्डरमागे ५० हवेत. निम्मे निम्मे केलं तर गिऱ्हाइकाला वर २५ पडतात. समजा त्यामुळे संध्याकाळी ६० ऑर्डरी आल्या. तुम्हाला एकीमागे ८५ सुटतात, म्हणजे ५१०० रुपये. सगळे ५० तुमच्यावर टाकले, डिलिव्हरी फुकट झाली आणि ऑर्डरी १०० वर गेल्या, तर एकीमागे ६० च सुटतात, पण हातात ६००० येतात. ॲपचेही ३००० चे ५००० होतात. भाडं आणि पोरांचे पगार दोन्ही वेळी तेवढेच, म्हणून धरले नाहीत.

बंड्या_एरंडवणे: ६० चे १०० कुठून आणले?

आकडेमोड: म्हटलं ना, धरले. पंचवीस रुपयांसाठी किती माणसं ऑर्डर सोडून देतात यावरच सगळा खेळ आहे. खरा आकडा ॲपकडे असतो, आपल्याकडे नसतो.

गुलटेकडी_गाळा: मार्केटयार्डात तीस वर्षं काढली, मला हे पटत नाही. २०१६ ला सरकारनं भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. व्यापाऱ्यांनी बंद केला, केवढा गोंधळ! पुढे काय झालं? सहा टक्के आपल्याला भरायचेत हे खरेदीदाराला ठाऊक. शंभरची बोली लावणारा चौऱ्याण्णवच्या आसपास थांबायला लागला. शेतकऱ्याच्या पट्टीत फरक नावालाच. कुणाच्या नावावर लिहिलं यानं काही होत नाही.

आकडेमोड: यार्डापुरतं तुमचं बरोबर. तिथे भाव रोज बोलीनं ठरतो, म्हणून अडत इकडची तिकडे केली की भावच सरकून ती भरून काढतो. रोशे आणि तिरोल या दोन फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ च्या लेखात हाच फरक पकडला. दोन्ही बाजूंना आपसात भाव सरकवता येत असेल, तर फी कोणाकडून घेतली यानं काही बिघडत नाही. सरकवता येत नसेल तरच वाटणीला अर्थ येतो. आता कोथरूडकरांनी ॲपवर २०० चा पदार्थ २२५ ला लावला, तर फुकट डिलिव्हरीचे पंचवीस गिऱ्हाइकानंच भरले. निम्मे निम्मे आपोआप झालं! म्हणून ॲपला ‘दुकानात जो भाव तोच इथे’ अशी अट हवी असते. अशा दोन मोठ्या ॲपांची चौकशी करायचा आदेश कॉम्पिटिशन कमिशननं २०२२ मध्ये दिला, त्यात या अटीचाही मुद्दा होता.

कोथरूड_नाश्ता: अहो, हे माझ्या बाबतीत झालंय! साबुदाणा खिचडीला ॲपवर दहा रुपये जास्त लावले, तर आठवड्यात त्यांच्या पोराचा फोन. आणि तुमचे ९० कुठले? साबुदाणा, दाणे, तूप, डबा, दह्याची वाटी… २०० च्या ऑर्डरीला माझे १३० जातात.

आकडेमोड: मग हिशेब उलटतो. निम्म्यात ४५ गुणिले ६०, म्हणजे २७००. सगळं तुमच्यावर टाकलं की २० गुणिले १००, म्हणजे २०००. चाळीस ऑर्डरी जास्त करून सातशे रुपये कमी. बिर्याणीवाल्याला जे परवडतं ते तुम्हाला परवडत नाही, आणि टक्का मात्र दोघांना सारखाच.

बंड्या_एरंडवणे: मग सोडा की ॲप.

पेठेतली_मावशी: एकट्यानं सोडून ॲपला काय फरक पडणार? सगळे नाश्तेवाले उठले तर सकाळी ॲप उघडून बघायचं काय, म्हणून लोकही जातील. आत्याच्या वहीसारखं.

गुलटेकडी_गाळा: सगळे एकदम उठतात होय? आमच्या यार्डात दोन गाळे शेजारी असून बंदच्या दिवशी एक मागच्या दारानं माल विकतो.

कोथरूड_नाश्ता: मागच्या महिन्यात दोन दिवस बंद करून पाहिलं. रोजच्या ऑर्डरीतल्या एकानंही दुकानात फोन केला नाही. करणार कसा, माझा नंबर त्याच्याकडे नाही आणि त्याचा माझ्याकडे.