जुना राऊटर वायरने जोडून वरच्या मजल्यावर वायफाय हवंय, पण वेगळं नेटवर्क नकोय

वायरवाला:
मेन राऊटर खाली आहे, 192.168.1.1. वर रेंज येत नाही म्हणून केबल टाकली आणि पडून असलेला जुना राऊटर लावला, केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये. नेट मस्त चालतं पण वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर दिसतच नाही, आणि मोबाईलवरून टीव्हीवर काही पाठवायचं तर दोन्ही एकाच मजल्यावर असावे लागतात. लॅपटॉपवर ipconfig केलं तर हे येतं:

```
IPv4 Address. . . . . . . . . . . : 192.168.0.103
Default Gateway . . . . . . . . . : 192.168.0.1
```

मला सगळं एकाच नेटवर्कमध्ये हवंय. जुन्या राऊटरच्या सेटिंगमध्ये "एक्सेस पॉईंट मोड" असा पर्याय कुठेच नाही. काय करू?

चिंटू_नेट:
सोप्पंय. जुन्या राऊटरचा आयपी 192.168.1.2 कर, डीएचसीपी बंद कर, झालं. केबल आहे तिथेच राहू दे.

तारामंडळ:
चिंटू, पहिले दोन मुद्दे बरोबर, पण केबल तिथे ठेवून नाही चालणार. वॅन पोर्टच्या आत-बाहेर दोन वेगळी नेटवर्क असतात असं राऊटर धरून चालतो, दोन्हीकडे 192.168.1 आलं की त्याला कुठलं पॅकेट कुठे न्यायचं तेच कळत नाही. शिवाय डीएचसीपीची मागणी वॅन ओलांडून खाली जात नाही, म्हणजे वरच्या कुणालाच आयपी मिळणार नाही.

@वायरवाला, तुमचा प्रिंटर बंद नाहीये, फक्त दिसत नाहीये. त्याचा आयपी हाताने टाकलात तर वरून बहुतेक प्रिंट निघेल सुद्धा, कारण वरून खाली जायला वाट आहे. पण प्रिंटर शोधायची हाक फक्त आपल्याच नेटवर्कमध्ये ऐकू जाते, आणि खालून वर यायला तर मधला राऊटर अडवतो.

केबल लॅन पोर्टमध्ये घातली की जुना राऊटर नुसता स्विच आणि वायफाय उरतो. पण क्रम सांभाळा. आधी खालून आलेली केबल काढून ठेवा, लॅपटॉप वायरने जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टला लावा आणि त्याच्या पेजवर जाऊन लॅन आयपी 192.168.1.2 करा, मास्क 255.255.255.0. तो रीस्टार्ट होईल, लॅपटॉपला नवीन आयपी मिळेल, मग 192.168.1.2 उघडून वायफायचं नाव-पासवर्ड टाका आणि डीएचसीपी सगळ्यात शेवटी बंद करा, कारण ते बंद झालं की लॅपटॉपला आयपी द्यायला कुणी उरत नाही आणि पेज उघडत नाही. मग खालची केबल लॅन पोर्टला. वॅन रिकामा. हो, त्याआधी मेन राऊटरची डीएचसीपी रेंज बघून घ्या, 2 नंबर त्यात येत असेल तर रेंज पुढून सुरू करा, नाहीतर तोच आयपी कधीतरी एखाद्या मोबाईलला मिळेल.

सुमाताई:
मी रिपीटर मोडवर चालवतेय, वायरची कटकटच नाही. पण स्पीड निम्म्यावर येतो, तुमच्याकडेही येतो का?

तारामंडळ:
ताई, तुमचा राऊटर एकाच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर पुढे पाठवतो, म्हणून. यांच्याकडे केबल आहे, त्यांना तो प्रश्न नाही. फक्त जुन्या राऊटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचे असतील तर वर साधारण 94-95 च्या पुढे जाणार नाही, मग प्लॅन कितीचाही असो.

वायरवाला:
झालं!! मेन राऊटरची रेंज 100 पासून आहे त्यामुळे 2 मोकळाच होता. केबल बदलल्यावर लॅपटॉपने जुनाच आयपी धरून ठेवला होता, वायफाय बंद-चालू केल्यावर आता गेटवे 192.168.1.1 येतोय आणि प्रिंटर लगेच दिसला. दोन्हीकडे नाव-पासवर्ड सेम ठेवलाय, चॅनल खाली 1 वर 11. पण एक राहिलंच, मोबाईल घेऊन वर गेलो तरी तो खालच्या वायफायला चिकटून बसतो, एकच कांडी असली तरी सोडत नाही.

तारामंडळ:
कधी सोडायचं ते मोबाईल ठरवतो, राऊटर नाही. मेन राऊटरची ट्रान्समिट पॉवर एक पायरी कमी करून बघा, खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत अजून पोचतंय ना तेही तपासा.

चिंटू_नेट:
मी तर दोन वेगळी नावं ठेवतो, निदान कुठल्या वायफायवर आहोत ते कळतं.

वायरवाला:
पॉवर मीडियमवर टाकली. लॅपटॉप आता व्यवस्थित बदलतो, एक फोन अजून हटत नाही. अजून कुणी काही केलं असेल तर सांगा.