अनुभव धागा: पगारातल्या फरकाची सूचना दुसऱ्यांदा लिहिताना

आस्थापना शाखेतली: बदलून आलेल्यांची अंतिम वेतन प्रमाणपत्रं उशिरा आली, म्हणून जुलै ते नोव्हेंबर 2024 ची देयकं जुन्याच मूळ वेतनावर निघाली. पहिल्या सूचनेत होतं, ‘तांत्रिक त्रुटीमुळे उद्भवलेली फरकाची रक्कम यथावकाश अदा करण्यात येईल.’ दुसऱ्या दिवशी टेबलापुढे रांग. मग मी असं लिहिलं:

‘1 जुलै 2024 ची वेतनवाढ आपल्या देयकात घेतली गेली नव्हती. मूळ वेतन 38,600 ऐवजी 39,800 हवे होते. दरमहा फरक 1,200 व त्यावर 50 टक्के महागाई भत्ता 600, म्हणजे 1,800. पाच महिन्यांचे 9,000 रुपये. ही रक्कम डिसेंबरच्या वेतनासोबत, जानेवारी 2025 मध्ये खात्यात जमा होईल. डिसेंबरपासूनचे वेतन नव्या मूळ वेतनावर निघेल.’

हा क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांचा हिशेब. बाकीच्यांना घरभाड्याचा फरक वेगळा दाखवला. तुमच्याकडे कसं लिहितात?

शिक्षक, विदर्भ: महिन्याचं अगदी बरोबर केलंत. आमच्याकडे नुसतं ‘डिसेंबरच्या पगारात’ लिहिलं होतं. डिसेंबरात हातात येतो तो नोव्हेंबरचा पगार. त्यात फरक नाही म्हटल्यावर निम्मी शाळा मुख्याध्यापकांकडे.

करवाला भाऊ: थकबाकी आहे ना? मग फॉर्म 10E भरायला सांगा, सूचनेतच टाका.

निवृत्त लेखाधिकारी: भाऊ, तो मागच्या आर्थिक वर्षाची थकबाकी या वर्षी मिळाली तर. जुलै ते जानेवारी एकाच वर्षात येतं. इथे 10E ची ओळ घातलीत तर उगाच घबराट.

ताई, एक राहिलं. 9,000 हा ढोबळ आकडा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्याचे मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर 10 टक्के, म्हणजे 900 जातील. त्याच्या खात्यात 8,100 येणार, तेही आयकर कापायचा नसेल तर. शेजारच्या जुन्या पेन्शनवाल्याचे हे 900 जाणार नाहीत. ‘कपातीपूर्वी’ हा शब्द नसला की दोघं पगारपत्रकं घेऊन भांडायला येतात.

आस्थापना शाखेतली: आलेच होते, साहेब! आता ‘कपातीपूर्वी 9,000’ लिहिलंय आणि कपातीचा रकाना वेगळा केलाय.

पुण्याहून: मला तर जास्त दिलेले परत मागितलेत, ‘वेतननिश्चितीतील चूक’ एवढंच कारण. कुठल्या महिन्याचे, कसे, काही नाही. हे चालतं का?

निवृत्त लेखाधिकारी: ते वसुलीचं प्रकरण, निराळं. आधी महिनावार तक्ता लेखी मागा, सही त्यानंतर.

कारखान्यातला: सगळ्यांचे आकडे फलकावर लावता? आमच्याकडे फलकावर फक्त कारण आणि महिना. रक्कम ज्याच्या त्याच्या चिठ्ठीत.

शिक्षक, विदर्भ: वेतनश्रेणी कुणाची लपलीय? तक्ता उघडा असला की चूक लगेच सापडते.

कारखान्यातला: श्रेणी नाही हो, कपाती. सोसायटीचं कर्ज कुणाचं किती, ते फलकावर कशाला?