नकार आल्यावर तुम्ही काय विचारलंत? (अनुभव धागा)

मडगावची मास्तरीण: वेर्णा, कुंडईच्या औषध कंपन्यांत क्यूसीसाठी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्याच्या कामासाठी, मुलाखत देणारी माझी बरीच विद्यार्थी मुलं नकार आला की गप्प बसतात. ज्यांनी कंपनीला कारण विचारलं त्यांनी लिहा. शब्द काय वापरले, उत्तर काय आलं आणि पुढच्या वेळी त्याचं काय केलं, तेही सांगा.

डिचोलीकरीण: मी केमिस्ट्रीत एमएस्सी. नकाराच्या मेलला उत्तर म्हणून "माझ्याबद्दल अभिप्राय मिळेल का?" असं लिहिलं. "प्रोफाइल चांगली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा" असं उत्तर आलं. त्याचा काही उपयोग नव्हता. मग परत लिहिलं: "निर्णय बदलावा असं म्हणणं नाही. एचपीएलसीचे प्रश्न आणि रिझल्ट मर्यादेबाहेर गेल्याचा प्रश्न, यांपैकी माझं कुठलं उत्तर कच्चं वाटलं, एवढं पॅनलला विचारून एका ओळीत कळवाल का?" यावर मात्र ओळ आली: "ओओएस. तुम्ही थेट रीटेस्टवर गेलात." ओओएस म्हणजे तोच मर्यादेबाहेरचा रिझल्ट.

प्रश्न असा होता की, गोळीचा अ‍ॅसे, म्हणजे त्यातल्या औषधाचं प्रमाण, ९५ ते १०५ टक्क्यांत हवा, तुमचा ९१ आला, तर काय कराल? मी म्हटलं होतं, नवीन सॅम्पल तयार करून परत चालवीन. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही तेच करायचो. ती ओळ वाचल्यावर क्यूसीत असलेल्या मावसभावाकडे बसून सगळं समजून घेतलं. आधी सुपरवायझरला कळवायचं, द्रावणं फेकायची नाहीत, मग वजनाची नोंद, डायल्युशन, स्टँडर्ड, सिस्टम सुटेबिलिटी आणि पीकचं इंटिग्रेशन बघायचं. पुढच्या कंपनीत तोच प्रश्न डिझोल्यूशनवर, म्हणजे गोळी विरघळण्याच्या चाचणीवर, आला. मी याच क्रमाने बोलले आणि म्हटलं, "मशीनमध्ये तेच द्रावण पुन्हा इंजेक्ट कधीच करणार नाही." तिथे निवड झाली.

फोंड्याचा क्यूसीवाला: ताई, निवड झाली हे छान, पण "कधीच नाही" हे बरोबर नाही. तपासात तेच जुनं द्रावण पुन्हा इंजेक्ट करता येतं. मात्र का करतो हे आधी लिहून, मंजुरी घेऊन. म्हणजे बिघाड मशीनचा की सॅम्पल तयार करतानाचा, ते कळतं. कारण न शोधता पास होईपर्यंत चालवत राहणं, यावर ऑडिटर पकडतात. उमेदवाराच्या तोंडून तेच ऐकलं की आम्ही बिचकतो, कारण ती सवय नंतर मोडत नाही.

मी पॅनलवर बसतो. एचआरकडे बहुतेक वेळा फक्त "निवड नाही" एवढंच पोचतं, म्हणून मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतं. ताईंनी दोन विषयांची नावं घेतली, त्यामुळे एचआरला तो मेल तसाच आमच्याकडे ढकलता आला. विचारायचं तर आठवड्याच्या आत विचारा. नंतर उमेदवारांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. कधी जागा आतल्याच माणसाला जाते, कधी नोटीस पिरियड आड येतो. ते कोणी लिहून देणार नाही.

काणकोणकर: एवढी विनवणी कशाला? माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी सरकारी पदासाठी तसंच केलं आणि माझे मुलाखतीचे गुण मिळवले.

फोंड्याचा क्यूसीवाला: दादा, तो कायदा सरकारी कार्यालयांना. खाजगी कंपनीला तसा अर्ज टाकता येत नाही. आणि गुण का कमी पडले ते कळलं का तुम्हाला?

काणकोणकर: नाही. फक्त आकडा आला.

कळंगुटचा फ्रंट ऑफिसवाला: माझं वेगळंच. दोन हॉटेलांत विचारलं. एक म्हणे, "पाहुण्याशी फार बोलता." दुसरं म्हणे, "मोकळे होत नाही." कोणाचं ऐकू?

डिचोलीकरीण: दोन्हीकडे कसला प्रसंग दिला होता?

कळंगुटचा फ्रंट ऑफिसवाला: पहिल्या हॉटेलात रूम तयार नाही आणि पाहुणा चिडलाय. मी कारणं समजावत बसलो. दुसरीकडे नुसतं चेक-इन.

मडगावची मास्तरीण: मग मला ही दोन उत्तरं परस्परविरोधी वाटत नाहीत. चिडलेल्या माणसाला आधी रूम किती वाजता मिळेल ते सांगायचं, तोवर बसायची सोय करायची आणि कारण त्याने विचारलं तरच द्यायचं. चेक-इनला मात्र दोन शब्द जास्त चालतात. तिसऱ्या हॉटेलात हे दोन्ही प्रसंग बोलून बघा.

कळंगुटचा फ्रंट ऑफिसवाला: बघतो. सीझनच्या भरतीत जाईन.

पेडण्याची: मला दोन्ही मेलना उत्तरच नाही आलं. पॅनलमधल्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. फोन करू का?

फोंड्याचा क्यूसीवाला: नको. घरी फोन आला की मला तरी अवघडल्यासारखं होतं.

डिचोलीकरीण: मी असते तर एक छोटा मेसेज टाकला असता. उत्तर नाही आलं तर विषय सोडायचा.