मदत हवी आहे: शॉवरचा आर्म 12 इंची घ्यावा की 15?

नागपूरला मनीष नगरात घराच्या बाथरूमचं काम सुरू आहे. टाइल्स परवापासून लागणार, म्हणून घाई. माझी उंची 6 फूट 1 इंच, आईची 4 फूट 10.

जुना पॉइंट साडेसहा फुटांवर होता. आर्म खाली वाकलेला, त्यामुळे शॉवरचं तोंड सव्वासहा फुटांच्याही खाली यायचं आणि मी वर्षानुवर्षं मान वाकवून आंघोळ केली. आता पॉइंट 7 फुटांवर घेतला, तर तोंड साधारण 6 फूट 8 इंचांवर येईल.

गोची कोनाची आहे. शॉवर 20 अंश तिरपा ठेवला, तर धार माझ्या डोक्यापर्यंत अडीच इंच पुढे सरकते, आईच्या डोक्यापर्यंत आठ इंच. म्हणजे 12 इंची आर्मला मी भिंतीपासून साडेचौदा इंचांवर उभा राहणार. कोपर नळाला लागेल. 15 इंचीत ते साडेसतरा होतं, पण आई तेवीस इंचांवर जाते आणि बाथरूम चारच फूट रुंद.

प्लंबर भाऊ म्हणतात, लांब आर्म जड शॉवरनं लचकतो. खरंच का? कोणी 15 इंची लावलाय का? की 12 इंची घेऊन बॉल जॉइंटनं रोज कोन बदलावा? आईचा हात तिथवर पोचणार नाही, हेही आहेच.