शब्दचर्चा : कंपनी ‘फंडाच्या मालकीची’ की ‘संस्थेच्या ताब्यातली’?

शर्वरी
एका वार्षिक अहवालाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यावर अडलेय. कंपनी ‘ओन्ड बाय फंड्स अ‍ॅडव्हाइज्ड बाय’ अमुक प्रायव्हेट इक्विटी संस्था, असं मूळ आहे. प्रायव्हेट इक्विटी म्हणजे गुंतवणूकदारांचा पैसा फंडात गोळा करून अख्ख्या कंपन्या घेणं आणि विकणं. मी सरळ लिहिलं, ‘कंपनी अमुक संस्थेच्या मालकीची आहे.’ तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘अमुक संस्था ज्यांना सल्ला देते त्या निधींच्या मालकीची’ असं केलं. निधी म्हटलं की डोळ्यांपुढे मदतनिधी येतो. निधी कंपनी विकत घेतो? आणि वर सल्लाही घेतो? परवा काम द्यायचंय. काय लिहावं?

अनंत
‘निधी’वर एवढा राग नको. नि + धा, म्हणजे नीट ठेवलेलं, ठेवा. लोकांनी एकत्र ठेवलेला पैसा म्हणजे निधीच. उलट ‘मालक’ अरबीतून आलेला. शुद्ध हवं असेल तर ‘स्वामित्व’ घ्या : ‘निधींच्या स्वामित्वाखालील कंपनी’.

मंदार
‘स्वामित्वाखालील’ वाचून वाचक पान उलटेल. आणि हा फरक वकिली काथ्याकूट आहे. बातमीत ‘अमुक संस्थेने कंपनी घेतली’ असंच छापतात, व्यवहारात तेच खरं. अगदी खोलात जायचं तर खरे मालक पेन्शन फंड आणि विमा कंपन्या, कारण पैसा त्यांचा.

सुलभा
मंदार, पैसा त्यांचा हे बरोबर, पण ते मालक नाहीत. ते फंडातले मर्यादित भागीदार. कंपनी कधी घ्यायची, कधी विकायची यात त्यांना मत नसतं. मत द्यायला लागले तर मर्यादित जबाबदारीचं, म्हणजे घातलेल्या पैशापलीकडे देणं अंगावर न येण्याचं, संरक्षणच धोक्यात येतं. मी बरीच वर्षं हिशेबतपासणीत काढली, म्हणून सांगते : तपासणाऱ्या बाईंचं वाक्य रुक्ष असेल, पण खरं आहे.

उदाहरण घ्या. ईएमआय ही ब्रिटिश संगीत कंपनी (हप्त्याचा ईएमआय नव्हे) 2007 मध्ये ‘टेरा फर्मा’ या प्रायव्हेट इक्विटी संस्थेने सुमारे 4.2 अब्ज पौंडांना घेतली. सगळीकडे नाव टेरा फर्माचंच. पण शेअर्स होते ‘मॉल्टबी’ नावाच्या, याच खरेदीसाठी उभ्या केलेल्या कंपनीकडे, आणि मॉल्टबीच्या वर टेरा फर्माचे फंड. पुढे त्यांनी कर्ज देणाऱ्या सिटीग्रुपवर दावा लावला, तेव्हा वादी म्हणून लागली Terra Firma Investments (GP) 2 Limited आणि (GP) 3 Limited ही नावं. म्हणजे दोन नंबरचा आणि तीन नंबरचा फंड. फंडाला स्वतःला सही करता येत नाही, त्याच्या वतीने त्याचा जनरल पार्टनर, म्हणजे फंड चालवणारा भागीदार, करतो; नावांतला GP तोच. दावा हरले. 2011 मध्ये कर्ज डोईजड झाल्यावर सिटीग्रुपने मॉल्टबीच ताब्यात घेतली. ईएमआयच्या वहीत शेअरहोल्डर तोच राहिला, त्याच्या वरचा मालक बदलला.

अनंत
म्हणजे अज्ञान मुलाच्या नावावर घर, आणि कागदावर सही ‘अ. पा. क.’ची. अज्ञान पालन करणारा! आपल्या दस्तांत हा शब्द किती वर्षं पडून आहे.

सुलभा
जवळ जाणारं आहे. फक्त अज्ञान मूल कायद्याने व्यक्ती असतं. इंग्लंडच्या कायद्यातली मर्यादित भागीदारी ही वेगळी व्यक्तीच नाही. म्हणून कंपनीच्या शेअरहोल्डरांच्या रजिस्टरमध्ये फंडाच्या जागी बहुधा जनरल पार्टनरचं नाव सापडतं.

वैभव
माफ करा, शब्दाचं मला कळत नाही, पण गेले चार महिने याच प्रश्नात आहे. मी ब्रिटनमध्ये नोकरी करतो. आमची कंपनी विकली गेली, कर्मचाऱ्यांना आलेल्या पत्रात गुंतवणूक संस्थेचं मोठं नाव. रजिस्टरमध्ये पाहिलं तर मालक म्हणून भलतीच कंपनी, नावाच्या शेवटी ‘बिडको’. आम्हाला फसवलं असंच वाटलं. हे कुठे शोधायचं?

सुलभा
फसवणूक नाही, साखळी आहे. कंपनीज हाउस, म्हणजे ब्रिटनमधलं कंपन्यांचं सरकारी नोंदणी कार्यालय, त्याच्या वेबसाइटवर तुमच्या कंपनीचं पान उघडा, ‘People’मध्ये जा, तिथे ‘Persons with significant control’. 2016 पासून पंचवीस टक्क्यांहून जास्त हिस्सा किंवा मतं असणाऱ्याचं नाव तिथे द्यावं लागतं. बिडको म्हणजे मॉल्टबीसारखी, खरेदीसाठीच उभी केलेली कंपनी. ती दिसली की तिचं पान उघडा, तेच पुन्हा करा. बिडकोच्या वर मिडको, त्यावर टॉपको अशी नावं भेटतील. बँकेचं कर्ज बहुधा खालच्या पायरीवर घेतात आणि गुंतवणूकदार सगळ्यात वर बसतात, म्हणून इतक्या पायऱ्या. प्रत्येक पानावर ‘Charges’ही बघा, तिथे कर्जासाठी काय काय गहाण आहे ते कळतं.

जर्सी, गर्न्सी किंवा लक्झेंबर्ग आलं की वाट अडते. लक्झेंबर्गचं लाभधारकांचं, म्हणजे कंपन्यांमागच्या खऱ्या मालकांचं, रजिस्टर 2022 मधल्या युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर सर्वांना खुलं राहिलेलं नाही. मग ब्रिटनमधल्या सगळ्यात वरच्या कंपनीचा वार्षिक हिशेब उतरवून घ्या आणि शेवटच्या टिपांमध्ये ‘ultimate controlling party’ शोधा. तिथे बहुधा फंडाचं नाव नंबरासकट असतं. कधी ‘संचालकांच्या मते अंतिम नियंत्रक कोणीही नाही’ असंही लिहितात, तेव्हा ‘funds managed by’ किंवा ‘advised by’ या शब्दांपुढचं वाचा.

रेखा
माझे म्युच्युअल फंडात पैसे आहेत. मग त्या फंडातल्या कंपन्यांची मी मालक का?

सुलभा
नाही रेखाताई, तो वेगळा प्रकार. तिथे प्रत्येक कंपनीत थोडा थोडा हिस्सा असतो आणि युनिट हवं तेव्हा परत देता येतं. इथे अख्खी कंपनी, आणि पैसा वर्षानुवर्षं अडकलेला.

वैभव
सापडलं! चार पायऱ्या चढलो, पाचवी गर्न्सीत. पण टिपेत फंडाचं नाव आहे, शेवटी रोमन तीन. संस्थेच्या वेबसाइटवर हा फंड 2015 चा आहे आणि आता त्यांचा पाचवा चालू आहे. याचा अर्थ काय घ्यायचा?

सुलभा
असे फंड साधारण दहा वर्षांचे, वर एक-दोन वर्षं वाढवून मिळतात. पहिल्या चार-पाच वर्षांत कंपन्या घ्यायच्या, नंतर विकायच्या. म्हणून संस्थेचं नाव कळून अर्धीच माहिती मिळते, फंडाचा नंबर कळला की घड्याळ दिसतं. पण 2015 च्या फंडाने तुम्हाला आता, इतक्या उशिरा घेतलं असेल तर मला शंका आहे. तारीख पुन्हा बघा. किंवा तुमची कंपनी त्या फंडातल्या जुन्या कंपनीने घेतली असेल. टिपेत मधल्या पायरीवर एखादी चालू व्यवसाय करणारी कंपनी दिसते का?

आणि जुना फंड संपत आला की तीच संस्था कंपनी आपल्याच नव्या, ‘कंटिन्युएशन’ फंडाला विकते, असंही होतं. दरवाजावरची पाटी तीच, मालक नवा.

मंदार
पाटी तीच, निर्णय घेणारी माणसं तीच, तर मालक बदलला कसला? माझाच मुद्दा झाला.

सुलभा
पैसे घालणारे बदलू शकतात, विक्रीची किंमत नव्याने ठरते, घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. कामगाराला आणि कर्ज देणाऱ्याला हा फरक लागतो.

शर्वरी
मी असं करतेय : ‘अमुक संस्थेच्या कारभाराखालील फंडांच्या मालकीची कंपनी’. ‘निधी’ काढला. संस्था म्हणजे कारभारी. पेशव्यांच्या काळापासून कारभारी मालक नसतो, पण चालतं त्याचंच.

अनंत
कारभारी मान्य! पण फारसी ‘कार’ आणि संस्कृत ‘भार’ यांची जोडी आहे की सगळाच संस्कृत, यावर माझ्याकडे दोन मतं आहेत. उद्या लिहितो. आणि ‘फंड’ मात्र नको.

सुलभा
शर्वरी, एक अडचण. मूळात ‘अ‍ॅडव्हाइज्ड’ आहे, ‘मॅनेज्ड’ नाही. कागदोपत्री निर्णय जनरल पार्टनर घेतो, संस्था सल्लागार. वकिलांनी तो शब्द मुद्दाम ठेवलेला असतो. ‘कारभार’ लिहिलंत तर त्यांनी टाळलेलीच गोष्ट तुम्ही लिहाल.

शर्वरी
म्हणजे पुन्हा ‘सल्ला’?

वैभव
सुलभाताई, आहे! तिसऱ्या पायरीवर एक कंपनी, तिचे स्वतःचे सहाशे कर्मचारी. ती 2017 पासून फंडाकडे आहे. आता तिच्या ‘Charges’मध्ये बघतोय, सतरा नोंदी आहेत.